टार्गेट हुकलं, आता पत्रात काय लिहायचं?

निवृत्त इंजिनिअर, दवाखाना चांगला चाललेले डॉक्टर, अमेरिकेत स्थायिक झालेला मावसभाऊ अशा मंडळींनी हल्ली कुणा ना कुणा तरुणाच्या स्टार्टअपमध्ये पाच-दहा लाख घातलेले असतात. शेअर मिळतात, अभिनंदन होतं, आणि मग प्रश्न पडतो की आपल्या पैशाचं चाललंय काय, हे कळणार कसं? नुसतं कायद्यावर विसंबलं तर फार उशिरा कळतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत वार्षिक सभा घेऊन हिशेब भागधारकांपुढे ठेवावा लागतो. म्हणजे एप्रिल २०२४ मध्ये कंपनीचा सर्वांत मोठा ग्राहक सुटला, तर कागदोपत्री ते तुम्हाला सप्टेंबर २०२५ मध्ये समजू शकतं. सतरा महिन्यांत लहान कंपनी दोनदा बुडेल.

ही फट भरून काढायला संस्थापक दर महिन्याला गुंतवणूकदारांना एक पत्र लिहितो. भागधारकांच्या करारात तशी अट असते, नाहीतर चांगली सवय म्हणून. महिना संपला की आठ-दहा दिवसांत ईमेल येतो. छापलं तर एक-दीड पान. त्यात तीन गोष्टी असाव्या लागतात: आकडे, ठरवलेलं काय झालं नाही आणि का, आणि आता तुमच्याकडून नेमकं काय हवंय. बाकीचा मजकूर, म्हणजे कुठल्या परिषदेत भाषण झालं आणि कुठलं पारितोषिक मिळालं, वाचला नाही तरी चालतो.

एक पत्र उलगडून पाहू. कंपनी काल्पनिक आहे, पण असे हिशेब रोज होतात. समजा, पुण्यातली एक कंपनी गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर, बल्क कूलरला एक यंत्र बसवते. दूध चार अंशांपर्यंत गार झालं की नाही, वीज कधी गेली, जनरेटर किती वेळानं सुरू झाला, ही माहिती दूध संघाच्या कार्यालयात दिसत राहते. भाडं प्रत्येक केंद्रामागे महिना दीड हजार रुपये. ऑक्टोबर संपला आणि पत्र लिहायला बसायचं आहे. महिन्याच्या सुरुवातीला ३८० केंद्रं चालू होती, टार्गेट ५०० चं होतं, गाडी ४१२ वर थांबली.

पहिला मोह इथेच होतो. ‘आजवर सहाशेहून अधिक यंत्रं बसवली’ असं लिहिलं तर ते खरंही असतं आणि भारदस्तही दिसतं. पण आजवरची बेरीज कधी खाली येत नाही, म्हणून तिच्यातून काही कळतही नाही. प्रामाणिक ओळ अशी असते: ३८० होती, ५० नवी लागली, १८ सुटली, ४१२ राहिली. महिन्याचं भाडं ६ लाख १८ हजार. या ओळीतला सर्वांत मोलाचा आकडा १८ चा आहे, आणि तोच गाळायची इच्छा सर्वांत जास्त होते.

आता बँकेतली शिल्लक. १ ऑक्टोबरला १ कोटी १२ लाख होते, ३१ तारखेला ९८ लाख. म्हणजे महिन्यात १४ लाख कमी झाले. ९८ ला १४ नं भागलं की सात महिने निघतात. स्टार्टअपच्या भाषेत सात महिन्यांचा रनवे. कागदावर गणित बरोबर आहे, आणि तरीही ते फसवं आहे.

कारण ऑक्टोबरमध्ये एका संघानं ३३ केंद्रांचं वर्षभराचं भाडं आगाऊ भरलं होतं, जवळपास सहा लाख. ते पैसे पुढच्या महिन्यात पुन्हा येणार नाहीत, उलट वर्षभर सेवा मात्र द्यायची आहे. ते बाजूला काढले तर कंपनीचा खरा मासिक खड्डा २० लाखांचा आहे. शिवाय शिल्लक रकमेत दोन लाख जीएसटीचे आहेत. ग्राहकाकडून गोळा केलेला हा कर पुढच्या महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास सरकारजमा करायचा असतो. खात्यात दिसतो म्हणून तो आपला होत नाही. उरले ९६ लाख, आणि महिन्याला २० लाख. सात महिन्यांचे पाच महिनेसुद्धा राहत नाहीत. नवी गुंतवणूक उभी करायला भेटीगाठी, तपासणी, कागदपत्रं मिळून तीन ते सहा महिने सहज जातात. सात महिन्यांचा हिशेब धरून बसलेला संस्थापक जानेवारीत हातपाय हलवू लागेल, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पगाराला पैसे नसतील.

म्हणून चांगल्या पत्रात रनवेशेजारी तो कसा काढला हे एका वाक्यात लिहिलेलं असतं. ते वाक्य नसेल तर वाचणाऱ्यानं विचारावं. त्यात कसला संकोच नाही.

टार्गेट का हुकलं, हा पत्रातला अवघड परिच्छेद. ‘सणासुदीमुळे महिना थोडा मंद गेला’ हे वाक्य मी इतक्या पत्रांत वाचलंय की महाराष्ट्रात सण फक्त स्टार्टअपवाल्यांनाच असतात की काय, अशी शंका येते. दिवाळी येणार हे टार्गेट ठरवतानाही कॅलेंडरवर छापलेलंच होतं. आपल्या कंपनीत नीट खोदलं तर वेगळंच निघतं. यंत्रं बसवायला माणसं दोन. गावातली केंद्रं लांब-लांब, कूलरवर काम करायचं ते सकाळचं आणि संध्याकाळचं संकलन सांभाळून. दिवसाला एका माणसाचं एकच केंद्र होतं. दोन माणसं, कामाचे पंचवीस दिवस, म्हणजे पन्नास. दोघांनी एकही दिवस वाया न घालवता जेवढं शक्य होतं तेवढं केलं. केंद्रं सुटलीच नसती तरी ५०० गाठायला १२० यंत्रं बसवावी लागली असती, आणि त्याला पाच माणसं लागली असती. म्हणजे विक्री हुकली नाही, टार्गेटच मुळात चुकीचं ठरलं. तिकडे गोदामात पैसे भरून आणलेली दीडशे यंत्रं पडून आहेत. ‘विक्री मंद’ म्हटलं असतं तर उपाय म्हणून आणखी एक सेल्समन ठेवला गेला असता, आणि गोदामापुढची रांग आणखी वाढली असती. गुंतवणूकदारांत कारखान्याचं उत्पादन सांभाळलेला एखादा निवृत्त माणूस असतोच. त्याला ही अडचण दोन ओळींत कळते आणि तो उलट टपाली फोन करतो.

सुटलेल्या १८ केंद्रांचंही तसंच. त्यातली सात बंदच पडली. तिथलं दूध खासगी डेअरीकडे गेलं, त्याला इलाज नाही. उरलेल्या अकरा ठिकाणी वीज जास्त वेळ गेली की यंत्राची बॅटरी संपायची, आणि संघाला नेमकी हवी असायची तेव्हाच माहिती मिळायची नाही. हा कंपनीचा दोष आहे. पत्रात तो तसाच लिहायचा, आणि नवी बॅटरी किती केंद्रांवर कधीपर्यंत बसेल हेही, म्हणजे पुढच्या महिन्यात कुणीही पडताळून पाहू शकेल.

आता मागण्या. ‘ओळखीपाळखी असतील तर जरूर कळवा’ असं लिहिलं की कुणीच काही कळवत नाही, कारण ते कुणाला उद्देशून आहे हेच वाचणाऱ्याला कळत नाही. आपल्या कंपनीची एक खरी अडचण बघा: एका संघाकडे पाच लाखांची बिलं नव्वद दिवसांहून जास्त थकली आहेत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं ४५ दिवसांच्या आत द्यावीत असा कायदा २००६ पासून आहे, उशीर झाला तर जबर व्याजही लागतं. पण आपल्या मोठ्या ग्राहकावर तक्रार घेऊन जाणारी लहान कंपनी विरळाच. तेव्हा मागणी अशी लिहावी: ‘सांगली-कोल्हापूर भागातल्या दूध संघांच्या वित्त विभागाशी कुणाचा परिचय आहे का? पंधरा मिनिटांची भेट हवी आहे. पुढे पाठवायला चार ओळींचा मजकूर खाली दिला आहे. २० नोव्हेंबरपूर्वी झालं तर डिसेंबरचे पगार सुटसुटीत होतील.’ कोण हवं, कशासाठी, कधीपर्यंत, आणि पुढे ढकलायचा मजकूर तयार. वाचणाऱ्याला फक्त नाव आठवायचं आणि मेल पुढे पाठवायचा.

दुसरी मागणी माणसांची: यंत्रं बसवायला तीन तंत्रज्ञ, दुचाकी असलेले, पेट्रोलसह महिना तीस हजारांपर्यंत. तिसरी पैशाची, आणि ती आडून न मागता सरळ मागायची: सध्याच्या भागधारकांकडून ४० लाख, म्हणजे आणखी दोन महिने, देणार की नाही ते १५ तारखेपर्यंत कळवा. तीनच्या वर मागण्या नकोत. दहा असल्या की एकही कुणाची नसते. आणि पुढच्या पत्राची पहिली ओळ मागच्या मागण्यांचं काय झालं, कुणाची मदत झाली, ही असावी.

काही गोष्टी पत्रात नसतात, तेही बरोबरच. ईमेल पुढे जातो हे गृहीत धरून ग्राहकाचं नाव किंवा त्याला दिलेला दर लिहीत नाहीत. गुंतवणूकदाराचे पैसे प्रतिस्पर्धी कंपनीतही असू शकतात. माणसं कमी करायची असतील तर ते आधी त्या माणसांना कळायला हवं. खोटा आकडा मात्र लिहायचाच नाही. पत्रातला आकडा पाहून कुणी पुन्हा पैसे घातले तर तो नुसता आशावाद उरत नाही, फसवणुकीचा आरोप होऊ शकतो. जानेवारी २०२३ मध्ये गुरुग्रामच्या गोमेकॅनिक कंपनीच्या संस्थापकानं आर्थिक अहवालात गंभीर चुका केल्याचं जाहीरपणे कबूल केलं, आणि जवळपास सत्तर टक्के कर्मचाऱ्यांना घरी बसावं लागलं.

आकडे एकदम खोटे होत नाहीत. आधी ते बदलतात. सप्टेंबरात चालू केंद्रं मोजली, ऑक्टोबरात बसवलेली यंत्रं, नोव्हेंबरात ‘करारबद्ध’ केंद्रं. प्रत्येक पत्र एकेकटं वाचलं तर छान वाटतं. दोन पत्रं शेजारी ठेवली की मोजण्याची पट्टीच बदलली आहे हे दिसतं. त्याहून वाईट म्हणजे पत्र दहा तारखेऐवजी पंचवीसला येणं, आणि मग न येणं. बातमी चांगली असताना पत्र लांबल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

तुमचे पैसे अशा कंपनीत असतील तर पुढचं पत्र येईल तेव्हा मागचं उघडून शेजारी ठेवा. सुटलेले ग्राहक, बँकेतली शिल्लक आणि रनवेचा हिशेब एवढंच आधी वाचा. शेवटच्या मागण्यांपैकी एखादी तुमच्या आवाक्यातली असेल तर त्याच दिवशी उत्तर द्या, आणि पैसे द्यायचे नसतील तर ‘नाही’ हेही त्याच दिवशी कळवा. रनवे पाच महिन्यांचा असताना लवकर मिळालेला नकारही संस्थापकाच्या उपयोगाचा असतो.