टक्के नकोत, रुपये सांगा

दहावीची परीक्षा संपते न संपते तोच लातूर, नांदेड, पुण्याच्या चौकांत फलक झळकतात : '३१ मार्चपूर्वी प्रवेश घ्या, फीमध्ये २० टक्के सवलत!' लवकर प्रवेश घेणाऱ्याला सवलत देण्यात गैर काहीच नाही. किती मुलं येणार हे आधी कळलं, तर क्लासला बॅच ठरवता येतात, शिक्षक नेमता येतात, जागा भाड्याने घेता येते. ती निश्चिंती पालकांमुळे मिळते, म्हणून फायद्यातला वाटा त्यांना मिळावा. पण तो नेमका किती, हे फलक वाचून कळत नाही.

समजा, अकरावी-बारावीच्या दोन वर्षांची फी १ लाख रुपये आहे. त्यात ८० हजार शिकवणीचे आणि २० हजार नोंदणी, पुस्तकं व टेस्ट सिरीजचे. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'सवलत फक्त शिकवणी फीवर'. म्हणजे सूट १६ हजारांची. एकूण फीच्या हिशेबात २० नव्हे, १६ टक्के. उरलेल्या ८४ हजारांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५,१२० रुपये. पालकाच्या खिशातून जाणार ९९,१२० रुपये. फलक वाचून तो मात्र ८० हजारांची तयारी करून आलेला असतो. म्हणून सूचनेत टक्क्यांच्या शेजारी करासह शेवटची रक्कम छापलेली हवी.

दुसरा प्रश्न मुदतीचा. ३१ मार्चला दहावीचा निकाल लागलेला नसतो. मुलगा विज्ञान शाखा घेणार की नाही, हेही पक्कं नसतं. अशा वेळी पैसे भरायला लावणं म्हणजे निर्णय होण्याआधीच त्याची किंमत वसूल करणं. निकालानंतर आठ-दहा दिवसांची मुदत दिली, तर क्लासलाही बॅचचा अंदाज येतो आणि पालकालाही विचार करता येतो. मुदतीत नेमकं काय पूर्ण व्हायला हवं, तेही लिहावं : नुसता फॉर्म, पहिला हप्ता की सगळी फी? शेवटच्या रात्री यूपीआयने पाठवलेले पैसे धरणार का? चेकची तारीख धरणार की तो वटल्याचा दिवस? काउंटरवरचे वाद बहुतेक इथेच होतात.

काही ठिकाणी 'शेवटचे दोन दिवस' महिनाभर चालतात. तारीख वारंवार पुढे जात असेल, तर ती मुदत नव्हती, घाई करण्यासाठीचा दबाव होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. जागा थोड्याच उरल्यात असा खोटा आभास निर्माण करायला त्यांत मनाई आहे, आणि अटी मुख्य दाव्याइतक्याच मोठ्या अक्षरांत छापायला सांगितलं आहे.

सगळ्यांत महत्त्वाची अट फी परतीची. आपल्याच उदाहरणातला मुलगा सहा महिन्यांनी क्लास सोडतो. जीएसटी बाजूला ठेवू. चोवीसपैकी अठरा महिने उरलेत, म्हणजे भरलेल्या ८४ हजारांपैकी ६३ हजार परत मिळायला हवेत. पण 'मध्येच सोडल्यास सवलत रद्द' अशी अट असेल, तर क्लास झालेल्या सहा महिन्यांचे मूळ दराने २५ हजार कापतो आणि ५९ हजार हातात ठेवतो. 'सवलतीची फी परत मिळणार नाही' असं लिहिलं असेल, तर सगळेच बुडतात. शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, पूर्ण फी भरून विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला, तर उरलेल्या काळाची फी त्या प्रमाणात दहा दिवसांत परत करावी. वसतिगृह आणि मेसचे पैसेही त्यात आले. या सूचना केंद्राने राज्यांना दिलेल्या आहेत, त्यामुळे क्लासने तीच अट स्वतःच्या कागदावर लिहून देणं जास्त भरवशाचं.

चांगली सूचना चार ओळींत मावते : 'दोन वर्षांची फी जीएसटीसह १,१८,००० रुपये. राज्य मंडळाचा निकाल लागल्यानंतर दहाव्या दिवशी संध्याकाळी ६ पर्यंत पहिला हप्ता भरल्यास एकूण ९९,१२० रुपये. त्या वेळेपर्यंत केलेलं ऑनलाइन पेमेंट धरलं जाईल. मुदत वाढवली जाणार नाही. क्लास सोडल्यास भरलेल्या रकमेतून उरलेल्या महिन्यांची फी दहा दिवसांत परत.' यात पालकाने विचारावं असं फारसं काही उरत नाही.

पैसे भरण्यापूर्वी फलकाचा किंवा पत्रकाचा तारखेसह फोटो काढून ठेवा आणि पावतीवर मूळ फी, सवलत आणि कर वेगवेगळे लिहून घ्या. पुढे वाद झालाच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करताना हेच दोन कागद कामी येतात. फी परतीची अट लिहून द्यायला क्लास तयार नसेल, तर सवलत कितीही मोठी असो, त्या दिवशी पैसे भरू नका.