बादलीतला गढूळपणा आणि साबणाचे पुंजके

पावसाळ्यात नदीचं पाणी बादलीत भरून ठेवलं तर त्यातली रेती अर्ध्या-पाऊण मिनिटात तळाला बसते. पाण्याचा तांबूस गढूळपणा मात्र दुसऱ्या दिवशीही तसाच असतो. रेती आणि चिकणमाती दोन्ही दगडाचाच चुरा, वजनालाही साधारण सारख्याच जड. फरक आहे तो फक्त कणाच्या आकाराचा. रेतीचा बारीक कणही मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा असतो. एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाएवढा कण बादलीतलं फूटभर अंतर खाली यायला जवळजवळ चार दिवस घेतो. त्याच्याही दहाव्या हिश्शाच्या कणाला, निदान हिशोबाप्रमाणे, वर्षाहून जास्त लागतं. प्रत्यक्षात तो बसतच नाही, कारण पाण्याचे रेणू सगळ्या बाजूंनी त्याला सतत धक्के देत राहतात.

अशा मिश्रणाला कलिल म्हणतात. मीठ किंवा साखर पाण्यात विरघळते तेव्हा तिचे कण एक नॅनोमीटरपेक्षाही लहान असतात. वाळूसारखे कण हजार नॅनोमीटरच्या पुढचे. या दोन्हींच्या मधला सगळा प्रदेश कलिलांचा. हद्द काही कुंपण घालून आखलेली नाही, पण कामापुरती ती चालते.

कलिल ओळखायचं कसं? तीन काचेचे पेले घ्या. एकात मिठाचं पाणी, दुसऱ्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाकलेलं पाणी, तिसऱ्यात गढूळ पाण्यावरची निवळ. खोलीत अंधार करून बाजूने टॉर्चचा बारीक झोत सोडा. मिठाच्या पाण्यातून झोत आरपार जातो, पाण्यात काही दिसत नाही. दुधाच्या आणि निवळीच्या पेल्यात प्रकाशाचा पट्टा स्पष्ट उमटतो. हाच टिंडल परिणाम. कण प्रकाशाला इकडेतिकडे विखुरतात आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. कण स्वतः दिसत नाही, त्याने फेकलेला उजेड दिसतो. दुधाचा पेला नीट पाहिला तर आणखी एक गंमत दिसेल. बाजूने पाहताना पाणी निळसर वाटतं आणि पेल्याच्या आरपार टॉर्चकडे पाहिलं की उजेड पिवळट-नारिंगी होतो. लहान कण निळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त विखुरतात. तो बाजूंना गेला की समोर तांबूस उरतो.

विखुरण्याची ताकद आकाराबरोबर फार झपाट्याने बदलते. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बराच लहान असलेला कण दुप्पट मोठा झाला तर तो चौसष्ट पट प्रकाश विखुरतो. मिठाच्या पाण्यात पट्टा का दिसत नाही ते यावरून कळतं. दुसरी अट अशी की कण आणि भोवतालचा द्रव यांचा अपवर्तनांक वेगवेगळा हवा. तो जवळपास सारखा असेल, तर कण असूनही पट्टा फिकाच राहतो. गोंदाच्या किंवा जिलेटिनच्या पाण्यात झोत तितका ठसठशीत दिसत नाही, कारण त्यांच्या कणांमध्येच भरपूर पाणी मुरलेलं असतं.

परिणामाला नाव जॉन टिंडल यांचं असलं, तरी तो झोत त्यांच्या आधी लंडनच्या त्याच रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी पाहिला होता. 1857 साली फॅरडेंनी सोन्याच्या क्षाराच्या द्रावणावर फॉस्फरसची क्रिया करून माणकासारखा लाल द्रव तयार केला. तो लाल रंग सोन्याच्याच अतिसूक्ष्म कणांचा, हे त्यांनी ताडलं. त्या द्रवात थोडं मीठ टाकलं की लाल रंग निळा होतो, हेही त्यांनी नोंदवलं. आज आपण सांगू शकतो की मिठामुळे सोन्याचे कण एकमेकांना चिकटून मोठे झाले होते.

मग आधी ते चिकटत का नव्हते? धक्के तर सारखे बसत होते. उत्तर विद्युतभारात आहे. सोन्याच्या कणांवर ऋण भार असतो, चिकणमातीच्या कणांवरही असतो. उलट उकळत्या पाण्यात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकून जो तांबूस-तपकिरी फेरिक हायड्रॉक्साइडचा सॉल मिळतो, त्याचे कण धन भाराचे असतात. एका सॉलमधले सगळे कण सारख्याच भाराचे, म्हणून ते जवळ येताच एकमेकांना लोटतात. मीठ टाकलं की विरुद्ध भाराचे आयन कणाभोवती दाटी करतात आणि लोटण्याचा पल्ला आखूड होतो. मग धक्क्याबरोबर कण इतके जवळ येतात की चिकटूनच बसतात. गाठी वाढतात, जड होतात आणि खाली बसतात. सॉलचं साकळणं ते हेच.

इथे मिठाची मात्रा नुसती मोजून भागत नाही, आयनावर किती भार आहे ते बघावं लागतं. आर्सेनिक सल्फाइडच्या ऋण भाराच्या सॉलचं उदाहरण पाठ्यपुस्तकांतून नेहमी येतं. तो एक लिटर सॉल साकळवायला साधं मीठ साधारण तीन ग्रॅम लागतं. कॅल्शियम क्लोराइड वापरलं तर सुमारे 72 मिलिग्रॅम पुरतं, आणि ॲल्युमिनियम क्लोराइड जेमतेम 12 मिलिग्रॅम. सोडियमच्या आयनावर एक धन भार, कॅल्शियमवर दोन, ॲल्युमिनियमवर तीन. भार एकेकाने वाढला की ताकद अनेक पटींनी वाढते. शुल्झे आणि हार्डी या दोघांच्या नावाने हा नियम ओळखला जातो.

आता तुरटी. तिच्यात ॲल्युमिनियम आहे, म्हणून आपल्या आज्या माठात तुरटीचा खडा फिरवायच्या ते योग्यच होतं. पण माठातलं पाणी प्रयोगशाळेतल्या सॉलइतकं सरळ नसतं. तिथे ॲल्युमिनियमचे आयन पाण्याशी क्रिया करून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा बुळबुळीत, पांढुरका साका बनवतात. हा साका खाली उतरताना मातीचे कण आपल्यात ओढून घेतो. या क्रियेत आम्ल तयार होतं आणि पाण्यातला क्षारपणा खर्च होतो. ज्या पाण्यात मुळात क्षारपणा कमी, तिथे तुरटी टाकूनही साका धरत नाही. तेव्हा थोडी चुन्याची निवळी घालावी लागते.

जलशुद्धीकरण केंद्रात म्हणूनच पाणी बदललं की मात्रा नव्याने ठरवतात. एक-एक लिटर पाण्याची सहा भांडी ओळीने ठेवतात आणि प्रत्येकात तुरटीची मात्रा वाढवत नेतात. आधी मिनिटभर जोराने ढवळतात, म्हणजे तुरटी सगळीकडे पोचते. मग पंधरा-वीस मिनिटं अगदी हळू, म्हणजे गाठी एकमेकींना भेटतात पण फुटत नाहीत. शेवटी अर्धा तास स्थिर ठेवतात. समजा, 10 मिलिग्रॅमच्या भांड्यात पाणी गढूळच राहिलं, 20 मध्ये टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसले पण ते तरंगतच राहिले, 30 मध्ये कापसासारखे पुंजके होऊन तळाला बसले आणि 40 मध्येही तितकंच स्वच्छ दिसलं, तर मात्रा 30 ची. जास्त टाकण्यात तोटाच आहे. काही पाण्यांत मात्रा फार झाली की मातीच्या कणांवरचा ऋण भार जाऊन धन भार चढतो. कण पुन्हा एकमेकांना लोटू लागतात आणि निवळू लागलेलं पाणी परत गढूळ दिसतं. घरीही खडा दहा-पंधरा वेळा फिरवून भांडं बाजूला ठेवावं. सारखं ढवळत राहिलात तर धरलेल्या गाठी मोडतात. शिवाय पाणी निवळलं म्हणजे जंतू गेले असं नाही. उकळणं किंवा क्लोरीन घालणं चुकत नाही.

कलिलं काही फक्त मातीची आणि सोन्याची नसतात. कशात काय विखुरलंय यावरून त्यांची नावं ठरतात: हवेत पाण्याचे थेंब म्हणजे धुकं, हवेत घन कण म्हणजे धूर, द्रवात वायू म्हणजे फेस, पाण्यात स्निग्धांश म्हणजे दूध, द्रवात घन म्हणजे सॉल. ही यादी परीक्षेला उपयोगी, पण मला दुसरी वाटणी अधिक सांगणारी वाटते. गोंद किंवा जिलेटिन यांचं पाण्याशी जमतं. वाळवून पुन्हा भिजवलं की कलिल परत मिळतं. ही द्रवस्नेही कलिलं. सोनं किंवा गंधक यांचं पाण्याशी जमत नाही. ती केवळ भाराच्या जोरावर टिकतात आणि एकदा साकळली की नुसतं पाणी घालून परत येत नाहीत. ती द्रवद्वेषी.

साबणाचा रेणू या दोन्ही स्वभावांचा असतो. सोडियम स्टिअरेटमध्ये सतरा कार्बनची लांब शेपटी पाण्यापासून पळते आणि ऋण भाराचं डोकं पाण्याला धरून असतं. पाण्यात साबण फार थोडा असेल तेव्हा त्याचे रेणू सुटे राहतात, बरेचसे पृष्ठभागावर शेपट्या वर करून रांगेत उभे असतात. मात्रा वाढत गेली की एका ठरावीक मर्यादेनंतर शेपट्या आत आणि डोकी बाहेर ठेवून शेकड्याच्या आसपास रेणू गोल पुंजका करतात. त्याला मायसेल म्हणतात. कपड्यावरचं तेल या पुंजक्याच्या आतल्या शेपट्यांमध्ये शिरतं. बाहेरच्या ऋण भारामुळे पुंजके एकमेकांना लोटतात आणि तेल पाण्याबरोबर वाहून जातं. मातीच्या कणांना तरंगत ठेवणारी युक्तीच इथे मळ काढायला उपयोगी पडते.

मायसेल डोळ्यांनी दिसत नाही, अवघ्या काही नॅनोमीटरचा असल्याने टॉर्चचा झोतही त्यात फिकाच पडतो. मग तो आहे हे कळलं कसं? ब्रिस्टलमध्ये जेम्स मॅकबेन साबणाच्या द्रावणांवर काम करत होते. द्रावणात कण किती आहेत हे परासरण दाबासारख्या गुणांवरून काढता येतं. त्या हिशोबाने साबणाच्या पाण्यात कण फारच कमी निघत होते, तरी वीज मात्र चांगली वाहत होती. सगळे रेणू निर्भार गठ्ठा होऊन बसले असते तर वीज वाहिली नसती. मॅकबेन यांनी 1913 साली मांडलं की ऋण आयनच एकत्र येऊन भारित पुंजके करत असणार. पुढे पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा तिचे पहिले संचालक हेच मॅकबेन होते.

मायसेलला अटी आहेत. पाणी पुरेसं गरम नसेल तर स्टिअरेटसारखा साबण हवा तेवढा विरघळतच नाही, मग मायसेल कुठून होणार? थंड पाण्यात असा साबण घासून घासून हात दुखतात ते यामुळे. खोबरेल तेलाच्या साबणाची शेपटी आखूड असते, म्हणून तो थंड पाण्यातही लवकर फेसतो.

दुसरी अडचण कठीण पाण्याची. बोअरवेलच्या पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचे आयन जोडले की न विरघळणारा कॅल्शियमचा साबण तयार होतो. हे सॉलच्या साकळण्यापेक्षा वेगळं, सरळ रासायनिक अवक्षेपण आहे. बादलीच्या कडेला बसणारी पांढरट, चिकट कड म्हणजे तोच. आधीचा साबण कॅल्शियम संपवण्यातच खर्च होतो, मायसेल त्यानंतर. डिटर्जंटच्या रेणूचं डोकं सल्फोनेट किंवा सल्फेटचं असतं. त्याचा कॅल्शियम क्षार असा चटकन खाली बसत नाही, म्हणून कठीण पाण्यातही पावडर फेसते. आपल्या घरचं पाणी कसं आहे ते बघायचं असेल तर दोन सारख्या बाटल्यांत अर्धं-अर्धं पाणी घ्या, एकीत पावसाचं, दुसरीत बोअरचं. दोन्हींत किसलेल्या साबणाची सारखीच चिमूट टाकून हलवा. बोअरच्या बाटलीत फेसाऐवजी पांढऱ्या फुटक्या तरंगत असतील तर पाणी कठीण आहे. मग फेस धरेपर्यंत आणखी किती चिमटी लागतात तेही मोजता येईल.