सोमवार एक, तिथी दोन

पंचांगाचं पान पहिल्यांदा उघडणारा माणूस बहुधा पहिल्याच ओळीला अडखळतो. 'तृतीया ७:००' असं छापलेलं दिसलं की तृतीया सात वाजता लागते, असं त्याला वाटतं. खरं तर सात वाजता ती संपते. पंचांगात तिथी आणि नक्षत्रापुढे असते ती समाप्तीची वेळ. २६:१० असा आकडा दिसला, तर तो रात्री दोन वाजून दहा मिनिटं असा वाचायचा, कारण पंचांगाचा दिवस मध्यरात्री नव्हे, सूर्योदयाला बदलतो.

चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. चंद्राचा वेग कमी-जास्त होत असल्याने तिथी कधी एकोणीस-वीस तासांत आटोपते, तर कधी सव्वीस तासांपर्यंत लांबते. ती दिवसाच्या कोणत्याही क्षणी संपू शकते. मग दिवसाला नाव कोणतं द्यायचं? सूर्योदयाला जी तिथी चालू असेल, ते.

समजा, फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या एका सोमवारी कृष्ण तृतीया सकाळी सातला संपते. ही वेळ देशभर एकच. पण नागपुरात सूर्य ६:५०च्या सुमारास उगवतो, मुंबईत ७:१२ला. त्यामुळे नागपूरकरांचा सोमवार तृतीयेचा आणि मुंबईकरांचा चतुर्थीचा! चतुर्थी मंगळवारी पहाटे ५:२०ला संपली, तर नागपुरात तिला एकही सूर्योदय मिळत नाही. पंचांग तिथे 'क्षय' लिहितं. तरीही संकष्टी दोन्हीकडे सोमवारीच, कारण ती चंद्रोदयाच्या वेळच्या तिथीवरून ठरते. म्हणूनच पंचांग घेताना ते कोणत्या गावच्या सूर्योदयावर बेतलं आहे, हे आधी पाहावं.

नक्षत्रही असंच वाचायचं. त्याच सोमवारी 'पूर्वा फाल्गुनी ९:१०' असेल, तर सव्वानऊला चंद्र उत्तरा फाल्गुनीत गेलेला असतो. बारशाला बाळाचं नक्षत्र सांगताना घोळ होतो तो इथेच: जन्म साडेनऊचा आणि घरचे वाचतात त्या दिवसाचं छापील नाव.

शुभाशुभ वेळेची कल्पना परंपरेची, पण तिचं गणित सूर्योदयावरच उभं आहे. राहुकाळ पाहा. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे आठ भाग करतात आणि सोमवारी त्यातला दुसरा भाग राहुकाळ धरतात. बहुतेकांच्या तोंडी असलेली 'साडेसात ते नऊ' ही वेळ सहाला उगवून सहाला मावळणाऱ्या सूर्याची आहे. आपल्या सोमवारी मुंबईत सूर्यास्त ६:३२चा. म्हणजे दिवस ६८० मिनिटांचा, एक भाग ८५ मिनिटांचा. पहिला भाग ८:३७ला संपतो, आणि राहुकाळ येतो ८:३७ ते १०:०२. पाठ वेळेवर विसंबून नऊनंतर निर्धास्तपणे शुभकार्याला बसलेलं घर, स्वतःच पाळत असलेल्या नियमाप्रमाणे, ऐन राहुकाळात बसलेलं असतं.