‘क्रॅक’ म्हणजे काय: निरोपाच्या जेवणातले चार शब्द

मंडळी, जेवायला बसण्याआधी दोन मिनिटं द्या. दादा आणि वहिनी सहा वर्षांनी गॉलवे सोडून नाशिकला चालले आहेत. परवा वहिनींची आई फोनवर म्हणाली, “अगं, तिथले लोक तुम्हाला सारखं क्रॅक का म्हणतात?” आपल्याकडे क्रॅक म्हणजे डोक्यानं थोडा सटकलेला. तेव्हा या दोघांनी घरी जाऊन नीट सांगावं, म्हणून हा शब्द इथेच उलगडते.

पहिली समजूत अशी की क्रॅक हा प्राचीन आयरिश शब्द आहे. पबच्या पाट्यांवर तो वळणदार अक्षरात असतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण मूळ शब्द उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडचा. तिकडे ‘सी-आर-ए-सी-के’ असा लिहिला जाणारा क्रॅक म्हणजे गप्पा, गावाकडची खबरबात. अल्स्टरमार्गे तो आयर्लंडभर पसरला आणि आयरिश भाषेनंही तो उचलला. जुन्या आयरिश वर्णमालेत ‘के’ हे अक्षरच नाही, म्हणून तिनं तो आपल्या पद्धतीनं ‘सी-आर-ए-आय-सी’ असा लिहिला. सत्तरच्या दशकात इथल्याच कॉनेमारातले शॉन बान ब्रानाख टीव्हीवरच्या आपल्या आयरिश कार्यक्रमात प्रेक्षकांना गाणं, गप्पा आणि क्रॅक यांचं आमंत्रण द्यायचे. हे स्पेलिंग लोकप्रिय होण्यात त्या कार्यक्रमाचा मोठा हात होता. पुढे इंग्रजी बोलणाऱ्या आयरिश लोकांनीही तेच उचललं. ख्रिस्टी मूर यांच्या १९७८च्या रेकॉर्डवर मात्र गाण्याच्या नावात अजून जुनंच स्पेलिंग होतं. ‘सी-आर-ए-आय-सी’ हे स्पेलिंग बनावट आहे म्हणून काही आयरिश लेखक चिडतात. मला ते पटत नाही. शब्द बाहेरून आला आणि घरचा झाला, यात लाज कसली? आपण ‘टेबल’ला कधी परकं मानतो?

दुसरी समजूत जास्त पसरलेली: क्रॅक म्हणजे दारू आणि धिंगाणा. पण याच देशात १८९८ साली दारू न पिणाऱ्यांची ‘पायोनियर’ संघटना निघाली. तिची छोटी पिन कोटाला लावलेली म्हातारी माणसं अजून भेटतात, आणि त्यांच्यापाशीही भरपूर क्रॅक असतं. ‘व्हॉट्स द क्रॅक?’ असं कुणी विचारलं, तर तो पार्टीचा पत्ता विचारत नसतो. ‘काय विशेष?’ एवढाच त्याचा अर्थ. ‘काही नाही, चाललंय’ हे उत्तर पुरतं. माणसाबद्दलही म्हणतात, ‘ती चांगली क्रॅक आहे’, म्हणजे तिच्यासोबत वेळ मजेत जातो.

मग चांगलं क्रॅक ओळखायचं कसं? जानेवारी २०२५ मधलं एओविन वादळ आठवा. वीज जाऊन तिसरी संध्याकाळ होती. दादांच्या स्वयंपाकघरात गॅसची शेगडी होती, म्हणून शेजारचे आजोबा मेणबत्त्या आणि एक ब्राउन ब्रेड घेऊन आले. वहिनींनी अंधारात पोळी लाटली आणि तिचा झाला नकाशा. आजोबा मूळचे मेयोचे. पोळी उजेडात धरून म्हणाले, “आयर्लंड छान जमलंय, पण आमचं मेयो कुठंय?” मेयोच्या पुरुष संघानं गेलिक फुटबॉलची ऑल-आयर्लंड स्पर्धा १९५१ नंतर जिंकलेली नाही, आणि तिथल्या माणसाला हे कुणीही ऐकवतं. दादा शांतपणे म्हणाले, “आजोबा, एक्कावन्नपासून सगळेच शोधतायत.” आजोबा इतके हसले की चहा सांडला.

इथे अशा चिडवण्याला ‘स्लॅगिंग’ म्हणतात. नवख्या माणसाला तो अपमान वाटतो. मलाही पहिल्या वर्षी वाटला होता. पण परक्या माणसाशी लोक सभ्यपणे बोलतात, चिडवतात ते आपल्याला. मात्र चेंडू परत यायला हवा. एकच माणूस चिडवतोय आणि दुसरा नुसता सोसतोय, तर ते क्रॅक नव्हे. एकटाच विनोदांची मैफल गाजवतोय आणि बाकीचे श्रोते झालेत, तेही नव्हे. त्या संध्याकाळी आजोबांनी लहानपणी पीट वाहून आणल्याची गोष्ट सांगितली, वहिनींनी गोदावरीच्या पुराची. मी जवळजवळ काहीच बोलले नाही, तरी ब्रेडचा तुकडा आणि प्रश्न माझ्यापर्यंत येत राहिले. चहा तीनदा झाला. मेणबत्ती विझली तेव्हा कुठे कळलं की अकरा वाजून गेलेत.

दादा, वहिनी, तो नकाशा तुम्ही लाटलात म्हणून ती संध्याकाळ झाली. आजोबा आज समोरच बसलेत आणि मराठी ऐकून कधीचे विचारतायत, “व्हॉट्स द क्रॅक?” तर ज्याच्या ग्लासात जे असेल ते उचला, कोकम सरबतसुद्धा चालेल. स्लाँचा!