शिल्लक साठ लाख, पाठवता येतात चाळीस लाखही नाहीत

वॉलेट उघडलं की शिल्लक दिसते ०.०६ बिटकॉइन. त्यातले ०.०५ दुसऱ्या पत्त्यावर पाठवायचे असतात. पत्ता बरोबर आहे, रक्कम शिलकीपेक्षा कमी आहे, आणि तरीही पडद्यावर संदेश येतो, `Insufficient funds`. वर्षानुवर्षं थोडे-थोडे बिटकॉइन जमवणाऱ्याला हा अनुभव हमखास बुचकळ्यात टाकतो. पैसे कुणी चोरलेले नसतात आणि वॉलेटही बिघडलेलं नसतं. अडचण असते ती त्या शिलकीच्या घडणीत.

बँकेच्या खात्यात जमा झालेल्या रकमा एकमेकींत मिसळून एकच आकडा उरतो. बिटकॉइनमध्ये तसं होत नाही. आलेली प्रत्येक रक्कम साखळीवर वेगळी नोंद म्हणून पडून राहते. अजून खर्च न झालेल्या अशा नोंदीला यूटीएक्सओ म्हणतात. वॉलेट दाखवतं ती शिल्लक म्हणजे या सगळ्या नोंदींची फक्त बेरीज. खर्च करताना पुरेशा नोंदी उचलाव्या लागतात. प्रत्येक नोंद व्यवहारात इनपुट म्हणून स्वतंत्र लिहावी लागते आणि तिच्यासाठी स्वतंत्र सही जोडावी लागते. दानपेटीतली चिल्लर गोणीत भरून दुकानात न्यावी आणि दुकानदाराने प्रत्येक नाणं मोजायची मजुरी मागावी, तसा हा प्रकार आहे.

ही मजुरी म्हणजे व्यवहाराचं शुल्क. ते पाठवलेल्या रकमेवर ठरत नाही, व्यवहाराच्या आकारावर ठरतं. आकार व्हर्च्युअल बाइटमध्ये मोजतात आणि दर सातोशीमध्ये. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात. `bc1q` ने सुरू होणाऱ्या, आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या साध्या पत्त्यावरची एक नोंद खर्च करायला सुमारे ६८ बाइट लागतात. १ या आकड्याने सुरू होणाऱ्या जुन्या पत्त्यावरच्या नोंदीला सुमारे १४८. नोंद हजार सातोशीची असो की हजार बिटकॉइनची, तिची जागा तेवढीच.

आता वरचं उदाहरण उकलून पाहू. समजा, वॉलेटच्या मालकाने मायनिंग पूलमध्ये आपलं यंत्र जोडलं होतं आणि पूलने त्याला दर वेळी २०,००० सातोशी दिले. असे ३०० हप्ते जमले, म्हणजे शिल्लक झाली ६० लाख सातोशी. बाजारात गर्दी आहे आणि दर बाइटमागे १०० सातोशी चालू आहे. एक नोंद उचलण्याचा खर्च ६८ गुणिले १००, म्हणजे ६,८०० सातोशी. वीस हजारांच्या नोंदीतून हातात उरतात १३,२००. तीनशेच्या तीनशे नोंदी उचलल्या तरी हाती येतात ३९ लाख ६० हजार, आणि पाठवायचे आहेत ५० लाख. वॉलेटने दिलेला नकार अगदी खरा आहे.

दर ३०० सातोशीवर गेला, तर एक नोंद उचलायला २०,४०० सातोशी लागतील, म्हणजे नोंदीच्या किमतीपेक्षा जास्त. शिल्लक ६० लाखच दिसत राहील, पण खर्च करण्याजोगं त्यातलं काहीही नसेल.

असा दर कल्पनेतला नाही. २० एप्रिल २०२४ रोजी ८,४०,००० वा ब्लॉक निघाला, मायनरांचं बक्षीस निम्मं झालं आणि त्याच ब्लॉकपासून रून्स नावाचे टोकन सुरू झाले. ते नोंदवायला इतकी झुंबड उडाली की त्या एका ब्लॉकमध्ये ३७ बिटकॉइनहून अधिक शुल्क गोळा झालं. पुढचे काही तास दर शेकडो सातोशींमध्ये होते. उलट २०२५ मध्ये बाइटमागे एक-दोन सातोशीत व्यवहार पार पडतील, असे कितीतरी दिवस गेले. नोंदी एकत्र करण्याचा फायदा या चढउतारातच आहे.

वरच्याच माणसाने स्वस्ताईच्या दिवशी, दर २ सातोशी असताना, आपल्या ३०० नोंदी स्वतःच्याच एका नव्या पत्त्यावर पाठवल्या असत्या तर? तो व्यवहार सुमारे २०,४४२ बाइटचा झाला असता आणि शुल्क लागलं असतं जेमतेम ४१ हजार सातोशी. मग ३०० नोंदींच्या जागी साडेएकोणसाठ लाखांची एकच नोंद उरली असती. पुढे दर १०० वर गेल्यावर त्या नोंदीतून ५० लाख पाठवणारा व्यवहार १४१ बाइटचा, म्हणजे १४,१०० सातोशीचा. दोन्ही शुल्कं मिळून पंचावन्न हजार. गर्दीत सगळ्या नोंदी उचलायच्या तर वीस लाखांहून जास्त गेले असते. हे गणित आधी करून ठेवणाऱ्यालाच साधतं, कारण गर्दी झाल्यावर एकत्रीकरणही तेवढंच महाग पडतं.

करायचं कसं? स्पॅरो वॉलेटमध्ये `UTXOs` या भागात सगळ्या नोंदींची यादी दिसते. हव्या त्या निवडून `Send Selected` दाबायचं, आपल्याच वॉलेटचा नवा पत्ता टाकायचा, रकमेपुढे `Max` निवडायचं आणि शुल्काचा दर हाताने कमी ठेवायचा. इलेक्ट्रममध्ये हीच यादी `Coins` या टॅबमध्ये मिळते. घाई नसल्यामुळे व्यवहार काही दिवस रांगेत राहिला तरी बिघडत नाही. अनेक नोड दोन आठवडे पुष्टी न मिळालेला व्यवहार रांगेतून काढून टाकतात. तसं झालं तरी पैसे जात नाहीत, नोंदी होत्या तिथेच असतात.

हजारो नोंदी असतील तर एका फटक्यात काम होणार नाही. साधारण एक लाख बाइटपेक्षा मोठा व्यवहार नोड पुढे पाठवत नाहीत. `bc1q` च्या नोंदींसाठी ती मर्यादा चौदाशेच्या आसपास येते. म्हणून दोनशे-तीनशेचे गट करावेत. या मर्यादेचं महत्त्व २०१५ च्या जुलैत दिसलं होतं. त्या वेळी नेटवर्कवर क्षुल्लक रकमांचा पूर आणला गेला होता. तो कचरा साफ करायला एफटूपूल या मायनिंग पूलने ५,५६९ इनपुटचा एकच व्यवहार स्वतःच्या ब्लॉकमध्ये घातला. त्याने जवळजवळ अख्खा ब्लॉक व्यापला आणि तो तपासायला नोडना पंचवीसेक सेकंद लागले.

एकत्रीकरणाची एक किंमत मात्र सातोशीत मोजता येत नाही. एका व्यवहारात आलेले सगळे इनपुट एकाच मालकाचे असणार, असा अंदाज साखळी पाहणारा कुणीही बांधतो. सातोशी नाकामोतोने २००८ च्या मूळ निबंधातच हा धोका सांगून ठेवला आहे. पगाराचे, देणगीचे आणि खासगी व्यवहाराचे पैसे वेगवेगळ्या पत्त्यांवर ठेवले असतील, तर त्यांचे गट वेगळेच ठेवावेत. अनोळखी ठिकाणाहून आलेले काहीशे सातोशी तर हातच लावू नयेत. माग काढण्यासाठीच कुणी ते पाठवलेले असू शकतात. सगळं एकाच नोंदीत ओतण्यापेक्षा दोन-चार ठसठशीत नोंदी ठेवलेल्या बऱ्या, नाहीतर छोटी रक्कम देतानाही समोरच्याला आपली पूर्ण पुंजी दिसते.

एक्स्चेंजवर बिटकॉइन ठेवणाऱ्याला यातलं काही करावं लागत नाही, तिथे नोंदी एक्स्चेंज सांभाळतं. स्वतःच्या वॉलेटमध्ये पैसे ठेवणाऱ्यांनी मात्र आज नोंदींची यादी उघडून त्या मोजाव्यात. संख्येला ६८ ने आणि मग १०० ने गुणावं. उत्तर शिलकीच्या दहाव्या हिश्शाहून जास्त येत असेल, तर दर उतरलेला दिवस पाहून नोंदी एकत्र कराव्यात. आणि पूलमध्ये पैसे काढण्याची किमान रक्कम वाढवण्याची सोय असेल, तर ती आधी वाढवावी, म्हणजे नवी चिल्लर साठणारच नाही.