मधेच उसळणारी कळ आणि मॉर्फिनची बाटली

कर्करोगाच्या वेदनेवर दिवसभराचं औषध नेमाने चालू असतं. तरीही मधेच एखादी कळ उसळते. कूस बदलताना, आंघोळीला नेताना, खोकला आल्यावर, तर कधी काहीच कारण नसताना. अशा वेळेसाठी डॉक्टर मॉर्फिनचं पातळ औषध लिहून देतात, आणि मग ते किती द्यायचं, कधी द्यायचं हे रुग्णाजवळ बसलेल्या माणसाला ठरवावं लागतं.

समजा, साठीतल्या एका बाईंचा स्तनाचा कर्करोग मणक्यात पसरला आहे. सकाळी आठला आणि रात्री आठला त्यांना बारा तास पुरणारी 30 मिलिग्रॅमची मॉर्फिनची गोळी मिळते, म्हणजे दिवसाला 60 मिलिग्रॅम. मधल्या कळेसाठीचा डोस साधारण त्याच्या सहाव्या हिश्श्याचा धरतात, म्हणून त्यांच्या कागदावर 10 मिलिग्रॅम लिहिलं आहे. बाटलीवर ‘एका मिलिलिटरमध्ये 2 मिलिग्रॅम’ असं छापलेलं असेल, तर हे 5 मिलिलिटर होतात. पण सगळ्या बाटल्यांची ताकद सारखी नसते. पुढच्या वेळी दुप्पट ताकदीची बाटली आली आणि सवयीने तेवढंच औषध दिलं, तर पोटात 20 मिलिग्रॅम जातील. म्हणून नवी बाटली घरी आली की आधी लेबल वाचायचं आणि औषध सुईविना सिरिंजने मोजायचं. चमचे लहानमोठे असतात, त्यांच्या भरवशावर राहू नये.

आता सकाळी अकरा वाजता आंघोळीनंतर कळ आली. लगेच 5 मिलिलिटर दिले आणि वहीत वेळ लिहिली. आराम पडायला वीस ते तीस मिनिटं लागतात, पूर्ण गुण तासाभरात दिसतो. या मधल्या वेळात घरच्यांचा धीर सुटतो. ‘औषध लागूच पडत नाही’ म्हणून अर्ध्या तासात दुसरा डोस दिला जातो आणि दोन्हींचा जोर एकदम चढतो. बाराला वेदना तशीच असेल, तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या अंतराने पुढचा डोस द्यायचा. हे अंतर बहुधा किमान एक तासाचं असतं. दिवसात तीन-चार वेळा असं द्यावं लागलं, तर नेहमीचं औषध कमी पडतंय असं समजून डॉक्टरांना कळवायचं. मनाने डोस वाढवायचा नाही. मधला डोस दिला म्हणून रात्री आठची गोळी चुकवायची नाही, आणि ती फोडायची किंवा कुटायची तर कधीच नाही, कारण बारा तासांचं औषध एकदम अंगात जाईल. आंघोळीने रोजच कळ येत असेल, तर डॉक्टरांना विचारून अर्धा तास आधीच डोस देता येतो.

सुरुवातीचे दोन-तीन दिवस, किंवा डोस वाढवल्यावर, गुंगी येतेच. कित्येक रात्री न झोपलेलं माणूस वेदना थांबल्यावर गाढ झोपतं. हाक मारली की डोळे उघडतं, नाव सांगतं, पाणी मागतं. ही झोप घाबरण्यासारखी नाही.

वेगळी असते ती गुंगी, ज्यात बोलताबोलता माणूस झोपी जातं, खांदा हलवला तरी नीट जागं होत नाही, वाक्य अर्धवट सोडतं. हातापायांना अचानक झटके येऊ लागतात, नसलेली माणसं दिसतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. मॉर्फिन शरीरात साचल्याच्या या खुणा आहेत. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं, लघवी कमी झाली किंवा मूत्रपिंड थकलं की कालपर्यंत चाललेला डोसही जास्त ठरतो. रेडिएशननंतर वेदना कमी झाली तरी तसंच होतं. झोपेच्या गोळ्या आणि दारू तर गुंगी दुप्पट करतात.

गुंगी बहुतेक वेळा श्वास मंदावण्याच्या आधी येते, त्यामुळे लक्ष ठेवणाऱ्याला वेळ मिळतो. अशी गुंगी दिसली की पुढचा डोस देऊ नका, गोळीही थांबवा, आणि डॉक्टरांना फोन करा. छातीची हालचाल घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजा. श्वास मिनिटाला दहाहून कमी असतील, ओठ निळसर वाटले किंवा माणूस जागंच होत नसेल, तर थेट 108 ला फोन करून रुग्णालय गाठा. रुग्णालयात उताऱ्याचं औषध असतं. आजार अगदी शेवटच्या टप्प्यावर असेल तर श्वास आपोआपही बदलतात. अशा वेळी काय करायचं हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलेलं बरं.

पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून चार गोष्टी एका कागदावर लिहून घ्या: किती मिलिग्रॅम, या बाटलीतले किती मिलिलिटर, दोन डोसांत किमान किती अंतर आणि दिवसात जास्तीत जास्त किती वेळा. रात्री कुणाला फोन करायचा तो नंबरही त्यावरच असू द्या, आणि तो कागद बाटलीलाच बांधून कुलपात ठेवा.