सिरिंजचा जेसीबी, उचलता पूल की गोणी चढवणारी लिफ्ट? विज्ञान प्रदर्शनातल्या मॉडेल्सचे फोटो पाहून गुण कसे द्यायचे, समजून घ्या

डिसेंबर-जानेवारी उजाडला की शाळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटोंचा पाऊस सुरू होतो. ज्वालामुखी, पवनचक्की, पाणी शुद्ध करणारी बाटली आणि हमखास असणारा सिरिंजचा जेसीबी. वर्गात चाळीस मॉडेल्स, पुढच्या फेरीत पाठवायची तीन-चार. त्यामुळे पहिली चाळण अनेकदा फोटोवरच लागते आणि शिक्षक संध्याकाळी घरी बसून मोबाइलवर एकेक फोटो सरकवत गुण देतात.

गडबड इथेच होते. पाच-सहा इंची स्क्रीनवर सगळ्यात आधी दिसतो तो रंग. ज्या मॉडेलला चकचकीत पिवळा रंग आणि मागे छापील बॅनर असतो, त्याच्या कल्पनेलाही जास्त गुण पडतात आणि ते चालतं असंही गृहीत धरलं जातं. एका गुणाच्या प्रभावाखाली बाकीचे गुण ठरवण्याच्या या सवयीला मानसशास्त्रात ‘हेलो इफेक्ट’ म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्येच ती दाखवून दिली होती. मग फोटोवरून न्याय्य तुलना करायची तरी कशी? एकाच तत्त्वावरची तीन काल्पनिक मॉडेल्स घेऊन पाहूया. तिन्ही सिरिंज, सलाईनची नळी आणि रंगीत पाण्यावर चालणारी, म्हणजे पास्कलच्या नियमावरची.

समोर कोणते फोटो आहेत?

फोटो ‘क’ : पिवळा जेसीबी. भाग एमडीएफचे, रंग एकसारखा, आठ सिरिंज. शेजारच्या तक्त्यावर ठळक अक्षरात ‘कमी बळात जास्त वजन उचला’. फोटो एकच, समोरून.

फोटो ‘ख’ : कांद्याची गोणी ट्रॉलीत चढवणारी लिफ्ट. आइस्क्रीमच्या काड्यांची कात्रीसारखी उघडमीट होणारी रचना, वर पुठ्ठ्याचा फलाट, त्यावर खड्यांनी भरलेली छोटी पिशवी. पुठ्ठ्याच्या कडा वेड्यावाकड्या, डिंकाचे ओघळ दिसतात. फोटो दोन : लिफ्ट खाली असताना आणि वर असताना.

फोटो ‘ग’ : बोट आली की उघडणारा पूल. नीट कापलेला फोमशीट, प्रत्येक भागाला चिठ्ठी, नळ्या ओळीत बांधलेल्या. फोटो दोन : पूल बंद आणि उघडा.

आधी कार्यपद्धती, रंग शेवटी

पहिला नियम सोपा आहे. एका मॉडेलचे सगळे गुण देऊन पुढे जायचं नाही. आधी तिन्ही फोटोंना फक्त कार्यपद्धतीचे गुण द्यायचे, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करून कल्पकतेचे आणि सगळ्यात शेवटी सफाईचे. वेळ थोडा जास्त जातो, पण रंगाची भुरळ बाकीच्या दोन रकान्यांत शिरत नाही. शक्य असेल तर दुसऱ्या परीक्षकाने फोटो उलट्या क्रमाने पाहावेत.

आता फोटो बोटांनी मोठा करा आणि सिरिंजवरचे आकडे वाचा. बहुतेकांचं तिकडे लक्षच जात नाही, पण मॉडेल चालतं की नाही याचा सगळ्यात पक्का पुरावा तिथेच छापलेला असतो. कारण पाणी दाबून लहान होत नाही. एका सिरिंजमधून जेवढे मिलिलिटर पाणी गेलं, तेवढंच दुसरीत यायला हवं.

फोटो ‘ग’मध्ये दोन्ही सिरिंज 10 मिलिलिटरच्या आहेत. पूल बंद असताना हातातली 10 वर आणि पुलाखालची 0 वर. पूल उघडल्यावर हातातली 0 वर, पुलाखालची साडेनऊच्या आसपास. हिशेब जवळपास जुळला, म्हणजे जोड घट्ट आहेत आणि नळीत हवा फारशी नाही.

फोटो ‘ख’मध्ये हाताने दाबायची सिरिंज 5 मिलिलिटरची, तर लिफ्ट उचलणारी 20 मिलिलिटरची. लहान सिरिंज 5 वरून 0 वर आली. मोठी मात्र 2 वरून 6 वरच पोहोचली, खरं तर ती 7 वर यायला हवी होती. एक मिलिलिटर गेलं कुठे? नळी पाहिली की उत्तर सापडतं. पहिल्या फोटोत नळीचा वीतभर भाग निळा नाही, म्हणजे तिथे हवा आहे. दुसऱ्या फोटोत तोच रिकामा भाग आखूड झालाय. हवा दाबली गेली आणि तेवढी हालचाल तिने गिळली. गळती असती तर पाटावर निळे थेंब दिसले असते, ते दिसत नाहीत. दोष खरा आहे, पण किरकोळ आहे. आणि तो सापडला, कारण त्या विद्यार्थ्याने दोन प्रामाणिक फोटो पाठवले.

फोटो ‘क’मध्ये आकडे वाचता येतात, पण हालचालीचा दुसरा फोटोच नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आठही सिरिंज एकाच मापाच्या आहेत. दोन्हीकडे सारखी सिरिंज असेल तर दाब पोहोचतो, बळ वाढत नाही. बळ वाढवायला दुसऱ्या टोकाचा दट्ट्या रुंद लागतो. 5 मिलिलिटरच्या सिरिंजचा आतला व्यास साधारण 12 मिलिमीटर, 20 मिलिलिटरचा साधारण 19. क्षेत्रफळ अडीच पट, म्हणून बळही अडीच पट (घर्षण सोडून). त्याची किंमत अंतरात मोजावी लागते. लहान दट्ट्या साडेचार सेंटिमीटर दाबला तर मोठा पावणेदोन सेंटिमीटरच सरकतो. जेसीबीच्या तक्त्यावरचा दावा त्याच्याच सिरिंजशी जुळत नाही. ‘ग’मध्येही सिरिंज सारख्याच आहेत, पण तिथे बळ वाढल्याचा दावा केलेला नाही. त्यामुळे त्याचे गुण कापायचं कारण नाही.

कार्यपद्धतीला 10 पैकी क : 4, ख : 7, ग : 9.

कल्पकता म्हणजे नवं तत्त्व नव्हे

सातवीतल्या मुलाकडून कोणी पास्कलला मागे टाकायची अपेक्षा करत नाही. पाहायचं एवढंच की व्हिडिओत किंवा किटच्या डब्यावर जे दिसतं, त्यापेक्षा मुलाने स्वतःहून काय बदललं.

‘ख’मध्ये एक बारीक गोष्ट आहे. लिफ्ट खाली असतानाही फलाट पूर्ण टेकलेला नाही, दोन्ही बाजूंना काडेपेट्या ठेवून थोडा वर अडवलाय. घाईत पाहणाऱ्याला ही अर्धवट बसलेली लिफ्ट वाटेल. पण आडव्या ढकलीने चालणारी कात्री-रचना पूर्ण मिटलेली असताना उचलायला सगळ्यात जास्त बळ लागतं. काड्या जवळपास आडव्या असल्या की ढकल बाजूलाच जाते, वर फारसं काही मिळत नाही. मुलाला बहुधा हे लिफ्ट अडल्यावर कळलं आणि त्याने काडेपेट्यांचा उपाय शोधला. असं काही दिसलं की ‘हे इथे का ठेवलंस?’ असा एक मेसेज करून विचारावं. उत्तर मुलाचं असेल तर गुण द्यायला हात आखडू नये.

जेसीबीच्या भागांच्या कडा तपकिरी, जळल्यासारख्या आहेत आणि सगळी भोकं तंतोतंत एका मापाची. ही लेसरने कापलेल्या तयार भागांची खूण असते. पण तेवढ्यावरून मुलाला खोटं ठरवणं चूक. गावात लेसर कटिंगचं दुकान असू शकतं आणि आराखडा मुलाचा असू शकतो. इथेही आधी विचारावं. सांगण्यासारखा बदल नसेल तर किट जोडण्याचे गुण सफाईत द्यावेत, कल्पकतेत नाही.

कल्पकतेला क : 3, ख : 8, ग : 4. पूल नीटस आहे, पण दरवर्षी दिसतो तसाच.

सफाईत एकच प्रश्न : ती मॉडेलच्या कामी येते का? बांधलेल्या नळ्या, सरळ कडा आणि वाचता येणाऱ्या चिठ्ठ्या कामी येतात. चमकी कागद आणि बॅनर येत नाहीत. फोटोतला अंधूक उजेड किंवा मागची पोपडे निघालेली भिंत मॉडेलचा भाग नाहीच. क : 7, ख : 4, ग : 8.

मग जिंकलं कोण?

सरळ बेरीज केली तर क : 14, ख : 19, ग : 21. पूल पहिला. पण कल्पकतेला दुप्पट वजन दिलं तर क : 17, ख : 27, ग : 25 आणि लिफ्ट पहिली येते. गुण तेच, निकाल वेगळा. त्यामुळे कशाला किती वजन हे फोटो उघडण्याआधी ठरवून मुलांना कळवायला हवं. नंतर ठरवलं तर आवडत्या मॉडेलच्या सोयीने वजन सरकतं आणि ते सरकवणाऱ्यालाही जाणवत नाही. राष्ट्रीय बाल विज्ञान प्रदर्शनासाठीच्या एनसीईआरटीच्या निकषांमध्ये मुलांची कल्पकता आणि कल्पनाशक्तीला 20 टक्के, नावीन्याला 15 टक्के, तर तांत्रिक कौशल्य आणि कारागिरीला 15 टक्के वजन आहे. म्हणजे झुकतं माप कल्पनेकडे.

दोन परीक्षकांच्या गुणांत एखाद्या रकान्यात तीनपेक्षा जास्त फरक पडला तर सरासरी काढून मोकळं होऊ नये. दोघांनी फोटो पुन्हा पाहावा. बऱ्याचदा एकाला काडेपेटी दिसलेली असते, दुसऱ्याला नाही.

मुलांना काय लिहायचं?

‘छान प्रयत्न’ किंवा ‘फिनिशिंग सुधारा’ यातून मुलाला काही कळत नाही. फोटोत काय दिसलं, त्यामुळे काय झालं आणि पुढे एक बदल कोणता, एवढं पुरे. जसं :

‘क’ला : ‘जोडणी आणि रंगकाम नेटकं आहे. सगळ्या सिरिंज एकाच मापाच्या असल्याने बळ वाढत नाही, म्हणून तक्त्यावरचं वाक्य जुळत नाही. उचलणाऱ्या हाताला 20 मिलिलिटरची सिरिंज लावून पाहा आणि हात खाली-वर असतानाचे दोन फोटो पाठव.’

‘ख’ला : ‘काडेपेट्या लावून फलाट थोडा वर ठेवलास, ते आवडलं. नळीत हवा राहिल्याने मोठी सिरिंज 7 ऐवजी 6 वर थांबते. नळी भरताना उभी धर, टिचक्या मार, बुडबुडे वर येऊन निघून गेले की मग जोड.’

‘ग’ला : ‘आकड्यांचा हिशेब नीट जुळतो, चिठ्ठ्या वाचता येतात. हा पूल तुमच्या भागात कुठे, कशासाठी लागेल याचा विचार करून त्यात एक बदल कर.’

फोटोत काय दिसत नाही?

मॉडेल दुसऱ्यांदा चालतं का आणि ते कोणी बनवलं, हे फोटो सांगत नाही. त्यामुळे फोटो मागवतानाच तीन गोष्टी लिहून द्याव्यात : एकाच कोनातून आधी-नंतरचे दोन फोटो, मागच्या बाजूचा एक, आणि सलग तीनदा चालवून दाखवणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, मधे न कापलेला. ज्यांच्या घरी चांगला फोन नाही, त्यांचे फोटो शाळेतल्याच एका टेबलावर, एकाच फोनने काढावेत.